तळाच्या जागेसाठी भरती

"तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय का?" हे वाक्य मुलाखतीच्या शेवटी आम्ही उपचार म्हणून म्हणतो. समोरचाही उपचार म्हणून काहीतरी विचारतो. टीम केवढी आहे, कामाच्या वेळा काय, घरून काम करता येतं का. मग सगळे हसतात आणि उठतात. त्या मुलीने मात्र पाण्याची बाटली बाजूला सरकवली, खुर्चीत जरा पुढे सरकली आणि मला खिंडीत गाठलं.

तिने शांतपणे इंग्रजीत विचारलं, "तुमच्याकडे वर्षाअखेरीला माणसाला त्याच्या स्वतःच्या उद्दिष्टांवर जोखतात, की एकमेकांशी तुलना करून क्रम लावतात? क्रम लावत असाल, तर प्रत्येक टीममधून कुणीतरी तळाला जायलाच हवं असा आग्रह असतो का? आणि नवीन आलेला माणूस पहिल्याच वर्षी त्यात मोजला जातो का?"

दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या ऑफिसात काचेच्या छोट्या मीटिंग रूम आहेत, तिथे आम्ही बसलो होतो. माझ्या शेजारी एचआरची बाई होती. ती गोड हसली आणि म्हणाली, "आमच्याकडे कॅलिब्रेशन आहे. सगळ्यांना न्याय मिळावा म्हणून."

"ओके. मागच्या दोन वर्षांत इम्प्रूव्हमेंट प्लॅनवर जेवढे लोक गेले, त्यांतले आज किती इथे आहेत?"

"प्लॅन ही शिक्षा नाही, सपोर्ट आहे," मी म्हणाले. हे वाक्य आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं आहे आणि ते मी इतक्यांदा म्हटलंय, की तोंड आपोआप चालतं.

मुलीने मान डोलावली. आकडा मिळाला नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. तिने आणखी एक विचारलं, "या खुर्चीवर आधी कोण होतं आणि ते का गेलं?" त्यावर "वैयक्तिक कारण" असं एचआरची बाई माझ्याआधीच बोलून मोकळी झाली.

खरी गोष्ट अशी होती. आमची कंपनी गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनवते आणि मी त्याच्या टेस्टिंग टीमची प्रमुख आहे. दरवर्षी हिवाळ्यात सगळे टीमप्रमुख एका खोलीत कोंडून घेतात आणि आपापल्या माणसांच्या श्रेणी एकमेकांपुढे मांडतात. कॅलिब्रेशन म्हणतात ते हेच. कागदोपत्री कोटा नाही. 'मार्गदर्शक प्रमाण' आहे. पण माझ्याएवढ्या टीममधून एक जण तळाच्या श्रेणीत दाखवला नाही, तर तुम्हाला परत पाठवतात, पुन्हा विचार करा म्हणून. दुसऱ्यांदाही नाही दाखवला, तर ते स्वतःच्या मनाने दाखवतात. तळाची श्रेणी मिळाली की तीन महिन्यांचा इम्प्रूव्हमेंट प्लॅन लागतो. आमच्याकडे प्लॅनवरून परत उभा राहिलेला माणूस मी पाहिलेला नाही. कुणी मधेच दुसरी नोकरी बघतं, कुणाला शेवटी नोटीस मिळते. त्या खुर्चीवरचा आधीचा माणूसही असाच गेला होता.

ही व्यवस्था चालते तशी तिच्यातली पळवाटही चालते, आणि ती सगळ्या टीमप्रमुखांना ठाऊक आहे. सप्टेंबरअखेरपर्यंत रुजू झालेला माणूस त्या वर्षाच्या क्रमात धरला जातो. त्यामुळे उन्हाळ्यात जागा रिकामी असेल, तर ती लवकर भरायची. नवीन माणसाला काम समजायला वेळ लागतो, त्याची बाजू मांडायला फारसं काही नसतं, जुन्यांपैकी कुणाचा जीव त्याच्यात अडकलेला नसतो. तळाला तोच जातो. जुनी माणसं वाचतात. याला कुणी नाव दिलेलं नाही. "ऑगस्टमध्ये भरून टाक ना ती जागा," एवढंच म्हणतात.

आणि मला ती जागा भरायची होतीच. कारण ती भरली नाही, तर माझ्या टीममधून त्या वर्षी कोण तळाला जाणार हे आरशाइतकं स्पष्ट होतं. केरळचा एक सीनियर टेस्टर. पन्नाशी ओलांडलेला, मुलगी बारावीला. मी या कंपनीत आले तेव्हा शारजाहून ऑफिसला यायचा कोणता रस्ता किती वाजता तुंबतो, इथपासून सगळं त्याने मला शिकवलं होतं. गेल्या वर्षभरात तो मंदावला होता. नवीन स्वयंचलित टूल्स त्याच्या पचनी पडत नव्हती. हाताने तपासायचं काम मात्र असं करायचा, की त्याच्या नजरेतून निसटलेली चूक ग्राहकाला सापडल्याचं मला आठवत नाही. पण क्रम लावताना ग्राहकाला न सापडलेल्या चुका कोण मोजतो?

तेव्हा काचेच्या त्या खोलीत ती मुलगी कंपनीचा अभ्यास करत होती आणि मी तिच्यात तळाची जागा भरणारं माणूस बघत होते. सरळ सांगायचं, तर असंच होतं.

मग मी जे केलं, त्याची मला जास्त लाज वाटते. लिफ्टपर्यंत सोडायला गेले आणि मराठीत विचारलं, "शारजालाच वाढलीस का गं? घरी कोण कोण असतं?"

तिचा चेहरा एकदम सैल झाला. "आँटी, तुम्ही मराठी? माझ्या सीव्हीवरनं कळलं ना तुम्हाला, मी पण मराठी आहे ते?" तिचं मराठी शाळेत न शिकलेलं, आईच्या तोंडून उचललेलं, मधेमधे इंग्रजीने ठिगळलेलं. लिफ्ट येईस्तोवर तिने सगळं सांगितलं. बाबा एका सिमेंटच्या कंपनीत रास अल खैमाला स्टोअर्समध्ये होते, आता रिटायर झाले. आई-बाबा दोघं तिच्या व्हिसावर इथेच आहेत. कोकणात घर आहे, पण तिथे आता ओळखीचं कुणी उरलं नाही. सध्याची नोकरी कार्गो कंपनीतली, पक्की, पण शिकायला काही नाही.

"तुम्ही आहात म्हटल्यावर आय ॲम सो रिलीव्ड," ती म्हणाली. लिफ्टचं दार लागलं.

तिने धोक्याच्या सगळ्या खुणा बरोबर हेरल्या होत्या. आकडा विचारला तर आकडा मिळाला नाही, आधीचा माणूस का गेला हे विचारलं तर वैयक्तिक कारण मिळालं. ज्या उमेदवाराला एवढं विचारता येतं, त्याला यातून काय समजायचं ते समजतं. आणि मग मी मराठी बोलले आणि तिने तो सगळा हिशेब पुसून टाकला. परदेशात आपली भाषा कानावर पडली की आपण सगळेच असे वेडे होतो. समोरचा माणूस आपल्या गावचा निघाला की त्याची कंपनीही आपल्या गावची वाटायला लागते. मला हे माहीत होतं, म्हणून तर मी बोलले.

ऑफर लेटर गेलं. तिची तांत्रिक फेरी त्या केरळच्या टेस्टरनेच घेतली होती आणि त्याने तिची भरभरून शिफारस केली होती. "लडकी बहुत शार्प है मॅडम, जल्दी ले लो," म्हणाला. जल्दी हा शब्द त्याने सहज वापरला असेल, असं मी स्वतःला बजावलं.

पुढच्या शनिवारी मुलीच्या आईचा फोन आला. आम्ही पेढे घेऊन येतोय म्हणाल्या. नको नको म्हणायच्या आत पत्ता विचारून झाला. संध्याकाळी तिघं दारात. पेढे मिळाले नाहीत म्हणून नारळाच्या वड्या घरीच केलेल्या. माझा नवरा खूश, कारण घरी केलेल्या नारळाच्या वड्या त्याला माझ्या हातून तरी कधी मिळालेल्या नाहीत. तो चहा ठेवायला आत गेला.

वडील कमी बोलणारे. सोफ्याच्या कडेला बसले होते. आई मात्र मोकळ्या. "बरं झालं बाई, आपलं माणूस मिळालं," त्या म्हणाल्या. "हिच्या नोकरीवर आमचं सगळं आहे. हिचा व्हिसा तर आमचा व्हिसा. दरवर्षी रिन्यू होईपर्यंत मी तारखा मोजत बसते. कार्गोवाले कसे का असेनात, सोडायला सांगायची माझी हिंमत नव्हती. पण ही म्हणाली तुम्ही आहात. मग म्हटलं, दे राजीनामा."

"दिला?" मी विचारलं.

"मंडेला देणार," मुलगी म्हणाली. मग जरा थांबून, "आँटी, एक विचारू? तो माझा क्वेश्चन, न्यू जॉइनर्सचा. तुम्ही त्याचं आन्सर दिलंच नाही, यू नो. म्हणजे मला प्रॉब्लेम नाहीये. आमच्या कार्गोमध्ये पण प्लॅन आहे. एक मुलगा प्लॅनवर गेला होता, त्याला दर आठवड्याला सुपरवायझर घेऊन बसायचा, काय चुकलं ते दाखवायचा. आता तो स्वतः सुपरवायझर आहे. दुसऱ्या एका कंपनीत मी विचारलं, तर त्यांनी सरळ सांगितलं, पहिलं वर्ष रँक करत नाही, आणि प्लॅनवरचे एवढे राहिले, एवढे गेले. स्ट्रिक्ट होते, पण मला ते आवडलं. नियम कडक असला तरी चालतो. फक्त लपवलेला नको. तिथे पगार कमी होता, म्हणून इकडे आले."

आतून चहा उकळल्याचा आवाज आला. आई माझ्याकडे बघून हसत होत्या. मी तेव्हा गप्प बसले असते, तरी मला कुणी काही विचारणार नव्हतं. ती रुजू झाली असती, हिवाळ्यात तिच्या नावापुढे तळाची श्रेणी लागली असती आणि मी आईंना म्हटलं असतं, वरून निर्णय आला हो, मी खूप भांडले. त्यांनी माझ्यावर विश्वासही ठेवला असता.

"धरतात," मी म्हणाले. "नवीन माणसालाही धरतात. आणि दरवर्षी एकाला तळाला घालावंच लागतं."

"आणि तळाला कोण जातं, यूज्वली?"

"नवीन."

मुलीला कळायला एक क्षण पुरला. "सो, मी," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो.

वडिलांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "म्हणजे नक्की काय होतं?"

मी सांगितलं. श्रेणी, मग प्लॅन, मग तीन महिने, मग बहुतेकदा नोटीस. सांगताना ऑफिसचे सगळे गुळगुळीत शब्द गळून पडले आणि घरच्या मराठीत ते सगळं फार उघडंनागडं वाटायला लागलं. कॅलिब्रेशनला मराठीत काय म्हणतात मला माहीत नाही. मी म्हणाले, "आम्ही बसून ठरवतो, कुणाला काढायचं."

आईंचं हसू ओसरलं. रागाने नव्हे, खरंच न कळून त्यांनी विचारलं, "मग तुम्ही हिला बोलावलंत कशाला?"

नवरा चहाचा ट्रे घेऊन आला आणि खोलीतली हवा बघून तसाच उभा राहिला. मुलगीच मग म्हणाली, "आई, इट्स ओके. त्यांनी सांगितलं ना." चहा सगळ्यांनी प्यायला. आपल्याकडे चहा ठेवला की तो प्यावाच लागतो, कितीही काही झालेलं असो. जाताना आईंनी डबा रिकामा करून मागितला नाही, तिथेच ठेवून गेल्या.

ते गेल्यावर नवरा म्हणाला, "बरं केलंस." मीही स्वतःला तेच सांगत झोपले. रविवारी मुलीचा नकाराचा ईमेल आला, सभ्य, दोन ओळींचा. सोमवारी मी एचआरला नवा उमेदवार शोधायला सांगितलं, पण त्या आठवड्यात वरून भरतीच थांबवली. जागा रिकामी राहिली. आणि मला हलकं वाटत होतं, हे कबूल करते. एक चांगलं काम केल्याचं समाधान माझ्या चेहऱ्यावर दिसत असेल, तर नवल नाही.

हिवाळ्यात ती बैठक झाली. मी तळाला कुणाचंच नाव न घालता गेले. माझी माणसं सगळी बरी आहेत म्हणाले. अध्यक्षस्थानी असलेला लेबनीज गृहस्थ दमलेल्या आवाजात म्हणाला, "हबीबती, सगळे हेच म्हणतात. यल्ला, चला, एक नाव." मी पुष्कळ बोलले. केरळच्या टेस्टरच्या हातून न निसटलेल्या चुकांबद्दलही बोलले. त्यावर दुसऱ्या टीमप्रमुखाने नव्या टूल्समधला त्याचा आकडा पडद्यावर दाखवला. तो आकडा वाईटच होता. त्या प्रमुखाने स्वतःची जागा ऑगस्टमध्ये भरून घेतलेली होती, त्याला घाम फुटायचं कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी नाव दिलं.

त्याचा प्लॅन मी लिहिला. तीन महिन्यांत अमुक इतक्या स्वयंचलित चाचण्या, तमुक प्रशिक्षण, दर आठवड्याला माझ्याबरोबर आढावा. त्या मुलीच्या कार्गोतल्यासारखा खराखुरा मदतीचा प्लॅन लिहायचा मी प्रयत्न केला. पण मजकूर एचआरकडून तपासून परत आला तेव्हा त्यातली मदत तेवढी गेली होती आणि मुदती राहिल्या होत्या. त्याच काचेच्या खोलीत त्याने तो वाचला. एचआरच्या बाईने सपोर्टचं वाक्य म्हटलं. त्याने सही केली. ती उठून गेली आणि आम्ही दोघंच राहिलो.

त्याने पेनाला टोपण लावलं. मग सहज काहीतरी विचारावं तसं विचारलं, "मॅडम, वो लडकी क्यों नहीं आयी?"

"उसने मना कर दिया," मी म्हणाले.

"आपने बताया होगा." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. "आपकी तरफ की थी ना. अच्छा किया. बच्ची थी. माँ-बाप भी उसी के ऊपर हैं, बोल रही थी."

मला वाटलं, आता हा माणूस मला माफ करणार आहे आणि मला ते सहन होणार नाही. पण त्याने माफ केलं नाही. तो दुसरंच काहीतरी आठवत होता.

"वो लखनऊवाला लडका याद है? डेढ़ साल पहले. हम दोनों ने इंटरव्यू लिया था उसका. उसने भी यही पूछा था, नया आदमी गिना जाता है क्या."

मला आठवत होता. चश्मा लावणारा, नुकतंच लग्न झालेला. बायकोला इकडे आणायचं होतं. त्याने हिंदीत, अदबीने तोच प्रश्न विचारला होता आणि मी "सबको बराबर मौका मिलता है" असं उत्तर दिलं होतं. तो ऑगस्टमध्ये आला. हिवाळ्यात तळाला गेला. वसंतात त्याचा प्लॅन संपला आणि तो परत लखनौला गेला. त्याच्याच खुर्चीसाठी ती मुलगी आली होती. त्याच्याबद्दल माझ्या मनात या सगळ्या काळात एकदाही काही आलं नव्हतं. मुलीला खरं सांगताना मला वाटलं होतं, माझ्यातलं चांगलं माणूस जागं झालं. जागं झालं होतं ते फक्त मराठी ऐकून.

"उस साल मैं बच गया था," तो म्हणाला. त्याने प्लॅनचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि उठला. दाराशी थांबून म्हणाला, "उसको हमने नहीं बताया, मॅडम."

हमने, म्हणाला तो. मुलाखतीत त्या मुलाला उत्तर मी दिलं होतं, तो नुसता शेजारी बसला होता. एवढं तरी मी त्याला म्हणायला हवं होतं, की तुम्ही नाही, मी. पण माझं अर्धं ओझं कुणीतरी आपणहून उचललं होतं आणि मी ते त्याला नेऊ दिलं.